तळहातावरची साळुंकी

नमुन्यादाखल सहा सेकंदांचा एक शॉट घेऊ. दहा-बारा वर्षांची मुलगी जुन्या वाड्याच्या चौकात ओट्यावर बसली आहे. दुपार कलली आहे, ऊन डावीकडून येतंय. मुलगी हात पुढे करते, एक साळुंकी उडत येऊन तिच्या तळहातावर बसते आणि मान तिरकी करून तिच्याशी बोलायला लागते.

यातली मुलगी खरी आहे, पण ती त्या वाड्यात कधी गेलेली नाही. तिचं चित्रण स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर झालं. या धंद्यात त्याला सगळे ‘क्रोमा’ म्हणतात. वाडाही खरा आहे, पण त्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी झालं, तेव्हा ओटा रिकामा होता. साळुंकी तर कुठेच नव्हती. ती संगणकावर घडवली, रंगवली आणि हलवली. तीन ठिकाणच्या या तीन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच कॅमेऱ्याने टिपल्यासारख्या दिसाव्यात, हे काम कंपोझिटरचं.

असा शॉट फसला की प्रेक्षक म्हणतात, ‘ॲनिमेशन कच्चं आहे’. पुष्कळदा हा दोष ॲनिमेटरच्या माथी विनाकारण येतो. पक्ष्याचा चेहरा, हालचाल, पिसं सगळं उत्तम असूनही तो चिकटवल्यासारखा दिसतो, कारण चूक पक्ष्यात नसते. ती पक्षी आणि चित्र जिथे एकमेकांना भेटतात तिथे असते: कडेला, सावलीत आणि काळ्या रंगात.

कडेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त मेहनत तिथेच जाते.

पडदा हिरवाच का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. एक कारण माणसाच्या कातडीचं. ती गोरी असो वा सावळी, तिच्यात लाल जास्त असतो आणि हिरवा त्यापेक्षा कमी, त्यामुळे माणूस आणि पडदा वेगळे ओळखू येतात. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. कोडॅक कंपनीतले ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली रचना आजही बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत असते. सेन्सरवरच्या प्रत्येक चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल आणि एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती दुप्पट मिळते, आणि ती जास्त स्वच्छही असते.

आता संगणक मुलगी आणि पडदा वेगळे कसे करतो? सिनेमाच्या जमान्यात पेट्रो व्लाहोस या तंत्रज्ञाने ‘बेन-हर’ (१९५९) साठी निळ्या पडद्यावर जी पद्धत घडवली, तिचाच गाभा आजही वापरात आहे. प्रत्येक ठिपक्यापाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे हिरवा रंग लाल आणि निळ्यापेक्षा किती जास्त आहे? जेवढा जास्त, तेवढा तिथे पडदा.

आकडे घेऊन बघू. शून्य म्हणजे काळोख आणि एक म्हणजे पांढरं, असं माप धरा. आपल्या पडद्याचा ठिपका लाल ०.१०, हिरवा ०.५०, निळा ०.१२ असा आला. लाल-निळ्यातला मोठा आकडा ०.१२, म्हणजे हिरवा ०.३८ ने जास्त. हा पूर्ण पडदा. मुलीच्या गालाचा ठिपका लाल ०.५५, हिरवा ०.३८, निळा ०.३०. इथे हिरवा जास्त नाहीच. ही पूर्ण मुलगी. इथवर सोपं आहे.

खरी परीक्षा वेणीतून सुटलेल्या केसांची. तो केस एका ठिपक्याहूनही बारीक असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला तिथे केस दिसत नाही आणि पडदाही दिसत नाही, दोन्हींची सरमिसळ दिसते. केसाचा स्वतःचा रंग लाल ०.०६, हिरवा ०.०४, निळा ०.०३ आहे आणि त्याने अर्धा ठिपका व्यापला आहे असं समजा. मग नोंद होते लाल ०.०८, हिरवा ०.२७, निळा ०.०७५. इथे हिरवा ०.१९ ने जास्त, म्हणजे पूर्ण पडद्याच्या बरोबर निम्मा. संगणक म्हणतो, हा ठिपका अर्धा मुलीचा, अर्धा पडद्याचा. या ‘अर्ध्या’ला अल्फा म्हणतात, आणि सगळ्या ठिपक्यांचे अल्फा मिळून जे करड्या छटांचं चित्र तयार होतं ते मॅट.

नवखे लोक इथे थांबतात. मॅट मिळाली, पडदा गेला, आता मागे वाडा ठेवला की झालं, असं त्यांना वाटतं. पण मॅट फक्त एवढंच सांगते की ठिपका अर्धा ठेवायचा. त्या अर्ध्यात जो रंग उरतो, तो अजूनही हिरवा मिसळलेलाच आहे. दूध आणि पाणी किती किती आहे हे कळलं, पण पाणी अजून दुधातच आहे. म्हणून केसांभोवती हिरवट कड राहते.

ती घालवायची सोपी रीत सगळ्यांना माहीत असते: हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. आपल्या ठिपक्यात ही सरासरी ०.०७७५ येते. हिरवेपणा गेला, पण उरलेला रंग ०.०८, ०.०७७५, ०.०७५ असा करडा झाला. खरा केस याहून काळा आणि तांबूस होता. वाड्याच्या अंधाऱ्या सोप्यासमोर हे केस राखाडी धुरासारखे दिसतात. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण मुलगी मागच्या चित्रापासून सुटी आहे एवढं डोळ्याला कळतं.

बरोबर रीत वजाबाकीची आहे. ठिपक्यात पडदा अर्धा आहे हे कळलंय आणि पडद्याचा रंगही माहीत आहे, तेव्हा पडद्याचा अर्धा भाग, म्हणजे ०.०५, ०.२५ आणि ०.०६, सरळ वजा करायचा. उरतं ०.०३, ०.०२, ०.०१५. हे बरोबर खऱ्या केसाच्या निम्मं आहे. आता त्यात वाड्याच्या त्या ठिकाणच्या रंगाचं निम्मं मिळवायचं. केस जणू त्या वाड्यासमोरच टिपला गेला होता, अशी बेरीज तयार होते. प्रत्यक्षात पडदा सगळीकडे सारखा उजळ नसतो, म्हणून मुलगी नसतानाचा रिकाम्या पडद्याचा एक शॉट घेऊन ठेवतात. तो मिळाला की प्रत्येक ठिपक्यापाशी कोणता हिरवा वजा करायचा ते कळतं. हा काही सेकंदांचा रिकामा शॉट घ्यायला चित्रीकरणाच्या गडबडीत कुणाला आठवण राहत नाही, आणि नंतर कंपोझिटरचे दिवसच्या दिवस त्यापायी जातात.

ही वजाबाकी-बेरीज एका अटीवर बरोबर येते: आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात हवेत. पडद्यावर दाखवण्यासाठी साठवलेल्या चित्रात ते तसे नसतात. डोळ्याला अंधारातले बारकावे जास्त कळतात, म्हणून साठवताना गडद छटांना जास्त आकडे दिलेले असतात. संगणकाच्या ० ते २५५ या मापात पांढऱ्या आणि काळ्या प्रकाशाचं खरं अर्धंअर्धं मिश्रण १८८ च्या आसपास येतं. साठवलेल्या आकड्यांची नुसती सरासरी काढली तर १२८ येतं. म्हणजे प्रत्येक अर्धपारदर्शक ठिपका असायला हवा त्यापेक्षा काळा होतो, आणि उजेडासमोरच्या प्रत्येक वस्तूला बारीक काळी रेघ येते. कड काळी दिसली की नवखे मॅट कुरतडत बसतात. आधी हे तपासावं की आपण ‘लिनियर’ मापात काम करतोय की नाही.

साळुंकीच्या कडेचा प्रश्न उलटा आहे. मुलीचा अल्फा अंदाजाने काढावा लागतो. साळुंकीचा संगणकाने स्वतःच मोजलेला असतो. प्रत्येक पिसाने किती ठिपका व्यापला ते त्याला अचूक ठाऊक असतं. १९८४ साली लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी दोन चित्रं एकावर एक ठेवण्याचं जे सूत्र मांडलं, तेच आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. वरचं चित्र `A`, त्याचा अल्फा `a` आणि खालचं चित्र `B` धरलं तर:

```
A + B × (1 − a)
```

यात `A` हा रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, आपल्या केसाच्या ०.०३, ०.०२, ०.०१५ सारखा. अशा गुणलेल्या चित्राला नुसता उजळपणा वाढवला तर चालतं. पण काळ्याची पातळी उचलली, म्हणजे प्रत्येक ठिपक्यात काही आकडा मिळवला, तर तो अर्धपारदर्शक कडेतही पूर्णच मिळवला जातो, आणि पक्ष्याभोवती फिकट वलय उमटतं. म्हणून रंग बदलण्याआधी अल्फाने भागायचं, रंग बदलायचा, पुन्हा गुणायचं. न्यूकमध्ये यासाठी `Unpremult` आणि `Premult` असे नोड आहेत, आणि रंग सुधारण्याच्या प्रत्येक नोडवर तसा पर्यायही असतो.

मग ही अचूक कड सरळ ठेवून दिली तर चालेल का? नाही, ती जास्तच अचूक असते. खऱ्या लेन्समधून आलेली कोणतीही कड थोडी विरघळलेली असते. मुलीच्या बाहीची कड मोठी करून पाहा आणि बाहीपासून मागच्या रंगापर्यंत पोचायला किती ठिपके लागतात ते मोजा. तीन लागत असतील, तर त्याच अंतरावर असलेल्या साळुंकीच्या पाठीलाही तीनच लागले पाहिजेत. पंखांचं तेच. २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढं उघडं असेल, तर पंखांची फडफडही तेवढ्याच वेळापुरती पुसट व्हायला हवी. मुलीचा हात पुसट आणि पक्ष्याचे पंख धारदार, हे कुणीही पकडतं.

आता साळुंकी तळहातावर बसवू. ती मुलीच्या पुढे आहे की मागे? तळहाताच्या पुढे आणि अंगठ्याच्या मागे. म्हणजे मुलीचेच दोन थर करावे लागतात. अंगठा प्रत्येक फ्रेममध्ये हाताने रेघ मारून वेगळा कापायचा आणि तो साळुंकीच्या पायांवर ठेवायचा. या कापण्याला रोटो म्हणतात. मुंबईतल्या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओंमध्ये कित्येक मराठी तरुण या क्षेत्रात रोटोपासूनच शिरले आहेत. काम कंटाळवाणं मानलं जातं, पण पक्ष्याचं एक बोट अंगठ्याखाली गेलं की डोळा जेवढा विश्वास ठेवतो, तेवढा तो कितीही सुंदर पिसांनी ठेवत नाही. हाताला भार जाणवायला हवा, ही त्याच्याच पुढची गोष्ट. चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी हिरव्या काठीने तळहात हलकेच दाबायचा. हात किंचित खाली जातो आणि परत वर येतो. ॲनिमेटर त्याच फ्रेमला साळुंकी टेकवतो. ही हालचाल नंतर खोटी घालणं फार कठीण असतं.

प्रकाशाबद्दल सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण संगणकाच्या आधीचं आहे. रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) मध्ये कागदावर हाताने काढलेला ससा खऱ्या माणसांमध्ये वावरतो. रिचर्ड विल्यम्स ॲनिमेशन दिग्दर्शक होते. काढलेल्या चित्राचा रंग मुळात सपाट, त्याला उजेड-अंधार नाही. म्हणून प्रत्येक चित्रासाठी सावलीचे आणि उजेडाचे वेगळे थर हाताने काढले गेले, आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ते ऑप्टिकल प्रिंटरवर एकेक करून मुख्य चित्रावर चढवले. त्यातल्या एका प्रसंगात छताला टांगलेल्या दिव्याला धक्का लागतो, दिवा झुलत राहतो आणि त्याच्याबरोबर सशाच्या अंगावरचा उजेड फ्रेमगणिक सरकत राहतो. ससा कार्टूनच राहतो, त्याला खऱ्या सशासारखं करण्याचा प्रयत्न कुणी केलेला नाही. तरी तो त्या खोलीत आहे याची खात्री पटते, कारण खोलीतला दिवा त्याच्यावर पडतो. पात्र खरं दिसायची गरज नसते, पात्रावरचा प्रकाश खरा असावा लागतो.

आज हा प्रकाश मोजून आणता येतो. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ साली मांडलेली रीत अशी: जिथे पात्र असणार आहे तिथे आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा आणि त्याची छायाचित्रं कमी-जास्त प्रकाशमानाने घ्यायची. अगदी काळ्या छायाचित्रात फक्त सूर्य उरतो, अगदी उजळ छायाचित्रात सोप्यातला अंधारही उघडतो. ही सगळी एकत्र केली की त्या जागी कुठून किती आणि कोणत्या रंगाचा प्रकाश येतो याचा पूर्ण गोल नकाशा तयार होतो. साळुंकीला संगणकात त्याच नकाशाने उजळवायचं. सोबत करड्या रंगाचा, चमक नसलेला गोळाही धरतात. संगणकात तसाच गोळा करून दोन्ही शेजारी ठेवले की प्रकाश जुळला की नाही ते लगेच कळतं.

आपल्या शॉटमध्ये हा गोळा वाड्यात, ओट्यावर, मुलगी जिथे बसलेली दिसणार त्याच जागी ठेवायला हवा. वाड्याचं चित्रण आधी झालं तर उत्तम, कारण मग स्टुडिओतला मुख्य दिवा त्याच दिशेने आणि त्याच उंचीवर लावता येतो. उलट क्रमाने झालं तर वाड्यात तसं ऊन येण्याची वाट बघावी लागते. स्टुडिओतही एकदा गोळा धरावाच, म्हणजे मुलीवरचा प्रकाश वाड्याशी किती जुळला ते कळतं.

नकाशाने सगळंच मिळत नाही. साळुंकी मुलीच्या हातावर आहे, तेव्हा तिच्या पोटाखालच्या पिसांवर तळहाताचा तांबूस उजेड यायला हवा. गोळ्याच्या छायाचित्रात तो तळहात नव्हता. म्हणून संगणकात तळहाताच्या आकाराची एक साधी प्रतिकृती करून त्याच जागी ठेवतात. ती शेवटच्या चित्रात दिसत नाही, पण तिच्यावरून परतलेला उजेड पक्ष्यावर पडतो आणि पक्ष्याची सावलीही तिच्यावरच झेलता येते.

सावलीचे दोन भाग असतात. पाय जिथे कातडीला टेकतात तिथली अरुंद, गडद सावली आणि उन्हामुळे पडलेली पक्ष्याच्या आकाराची सावली. पहिली नसेल तर पक्षी हातावर तरंगतो, मग दुसरी कितीही बिनचूक असो. दुसरी सावली किती गडद हवी हे मनाने ठरवू नये. चित्रातच त्याचं माप आहे: मुलीच्या अंगठ्याची तिच्या तळहातावर पडलेली सावली. उन्हातल्या कातडीचा लाल आकडा ०.६० आणि अंगठ्याच्या सावलीतला ०.२४ असेल, तर सावलीत चाळीस टक्के उजेड उरतो. पक्ष्याच्या सावलीतही तेवढाच उरला पाहिजे. हे माप लाल, हिरवा, निळा यांचं वेगवेगळं घ्यायचं, कारण सावली म्हणजे नुसता अंधार नव्हे. तिथे सूर्य अडलेला असतो, पण आकाशाचा निळसर उजेड येतच असतो, आणि कातडीच्या आतून लालीही झिरपते. तिन्ही रंग सारखेच कमी केलेली सावली हातावर काजळी सांडल्यासारखी दिसते.

इथे एक चूक अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. पक्ष्याची सावली अंगठ्याच्या सावलीवर पडली, तर तो भाग आणखी काळा होता कामा नये. तिथे ऊन आधीच अडलेलं आहे. अडलेलं ऊन पुन्हा अडवता येत नाही. सावलीचा थर सगळीकडे सारखाच गुणला तर त्या ठिकाणी दुहेरी सावली पडते. जिथे आधीच सावली आहे तो भाग मॅट करून वगळावा लागतो.

आता रंग. लोक रंग जुळवायला बसले की आधी तांबूस-निळसर ठरवू लागतात. माझ्या मते सुरुवात काळ्यापासून करावी. साळुंकीचं डोकं जवळजवळ काळं असतं, म्हणून ती परीक्षेला चांगली. कलत्या दुपारी वाड्याच्या चौकात धूळ असते, लेन्समध्ये थोडा उजेड पसरतो, आणि त्यामुळे चित्रातला सगळ्यात गडद भागही खरा काळा नसतो. सोप्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा आकडा समजा ०.०२ आहे, आणि त्यातही निळा किंचित जास्त. संगणकातून आलेल्या साळुंकीच्या मानेत मात्र ०.००१ असा आकडा सापडतो. चित्रात तेवढं काळं दुसरं काहीच नाही, म्हणून तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. पण तो कोपरा साळुंकीपेक्षा दूर आहे, त्याच्या आड जास्त धूळ आहे. म्हणून तो आकडा तसाच उचलू नये. मुलीच्या केसांतला सगळ्यात गडद भाग जवळपास त्याच अंतरावर आहे, तो वाड्याशी जुळवून झाला की त्याच्याशी साळुंकी जुळवावी. मग उजळ टोक: चोचीवरची चमक आणि मुलीच्या बांगडीवरची चमक एकमेकींच्या जवळ यायला हव्यात. दोन्ही टोकं बसली की मधले रंग बरेचसे आपोआप जागेवर येतात.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे तिन्ही रंग एकेक करून पाहणं. फक्त लाल, मग फक्त हिरवा, मग फक्त निळा, असं करड्या चित्रात पाहिलं की रंगाची भूल पडत नाही. न्यूकमध्ये त्यासाठी कीबोर्डवर `R`, `G`, `B` दाबावं लागतं. निळ्यात पक्षी चमकून पुढे आला, तर चूक निळ्यात आहे. मग पाहण्याच्या खिडकीचा उजेड भरपूर वाढवायचा, म्हणजे काळ्यातले फरक उघडे पडतात. नंतर भरपूर कमी करायचा, म्हणजे उजळ भागातले. प्रेक्षकाचा टीव्ही कसा लावलेला असेल ते आपल्या हातात नसतं. जे फरक आपल्या पडद्यावर लपतात ते त्याच्या घरी दिसू शकतात.

ग्रेनही अशीच एकेका रंगात पाहावी लागते. कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणा सतत सळसळत असतो, आणि निळ्यात तो बहुधा सगळ्यात जाड असतो. संगणकातली साळुंकी गुळगुळीत असते. थांबलेल्या चित्रात हे कळत नाही, पण शॉट चालू झाला की आजूबाजूला सगळं जिवंत आणि पक्षी तेवढा मेणाचा दिसतो. वाड्याच्या शॉटमधला दाणा मोजून तो पक्ष्यावर चढवतात. मुलीवर मात्र स्वतःचा दाणा आहे, तिच्यावर पुन्हा चढवू नये.

उजळ पार्श्वभूमीचा उजेड कडेवरून आत सांडतो, तो परिणाम देणारं ‘लाइट रॅप’ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्याचा फार अतिरेक होतो. साळुंकीच्या मागे उन्हात न्हालेली भिंत असेल तिथेच आणि काही ठिपक्यांपुरताच तो असावा. सगळ्या बाजूंनी धुरकट प्रभा आलेला पक्षी हा चुकलेली कड लपवल्याचा पुरावा असतो.

हे सगळं घरी करून पाहणाऱ्यांसाठी आता साधनांची अडचण उरलेली नाही. ब्लेंडर फुकट मिळतं, डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही फ्यूजन आहे, आणि आफ्टर इफेक्ट्ससोबत कीलाइट येतं. अडचण येते ती चित्रीकरणात. बहुतेक फोन आणि स्वस्त कॅमेरे ४:२:० पद्धतीने साठवतात. उजेड प्रत्येक ठिपक्याचा नोंदतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात रंग फक्त ९६० गुणिले ५४० एवढाच असतो. मॅट रंगावरून काढायची असल्याने केसांच्या जागी पायऱ्या दिसतात, आणि त्या कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाहीत. निदान ४:२:२ देणारा कॅमेरा मिळवावा. नाहीच मिळाला तर ४के मध्ये टिपून चित्र अर्ध्या आकाराला आणावं, म्हणजे रंगाची उणीव भरून निघते.

पडद्यापासून माणूस अडीच-तीन मीटर पुढे उभा करावा, म्हणजे कापडाचा हिरवा उजेड गालावर आणि खांद्यावर कमी येतो. पडद्याचे दिवे वेगळे आणि माणसाचे वेगळे ठेवावेत. कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि माणसापर्यंतचं अंतर वाड्यात आणि स्टुडिओत सारखं ठेवून लिहून घ्यावं, नाहीतर ओट्याची रेघ एका दिशेला आणि मुलीची मांडी दुसऱ्या दिशेला जाते. गोळे आणि रिकाम्या पडद्याचा शॉट यांना पाच-दहा मिनिटं लागतात, ती दिग्दर्शकाकडून हक्काने मागून घ्यावीत. रंग जुळवता येतो, काळं उचलता येतं, दाणा चढवता येतो, कडही बऱ्याच अंशी दुरुस्त करता येते. पण वाड्यात ऊन डावीकडून आणि मुलीच्या नाकाची सावलीही डावीकडे पडली असेल, तर त्यावर कंपोझिटरकडे उपाय नाही. तो शॉट पुन्हा घ्यावा.